प्रकाशात ठेवूनही पर्णरंध्रं उघडत नाहीत: पापुद्र्याच्या प्रयोगात बिघाड कुठे शोधायचा

पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा सोलायचा, द्रावणात तरंगत ठेवायचा, दोन-तीन तास दिव्याखाली ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंध्राची रुंदी मोजायची. कागदावर इतका सोपा दिसणारा हा प्रयोग वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जितक्या वेळा फसतो तितके फार थोडे फसत असतील. तक्रारी तीनच असतात: रंध्रं प्रकाशातही बंद राहतात, किंवा अंधारातही तितकीच उघडी दिसतात, किंवा एकदा उघडली की रंध्रं मिटवणारं संप्रेरक, म्हणजे ॲबसिसिक आम्ल, घातल्यावरही मिटत नाहीत. पहिली तक्रार सर्वात जास्त येते, त्यामुळे इथे तिच्यावर जास्त वेळ घालवतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. रंध्र उघडतं ते त्याच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगतात म्हणून, आणि पाणी शिरतं ते पेशीत आधी क्षार जमा होतात म्हणून. स्टार्चची साखर होते आणि तिच्यामुळे पाणी ओढलं जातं, ही समजूत जुन्या पुस्तकांत बरीच वर्षं टिकून होती. १९६८ मध्ये फिशर यांनी बाकल्याच्या पापुद्र्यावर दाखवून दिलं की रंध्र उघडताना रक्षक पेशी बाहेरच्या द्रावणातून पोटॅशियम आत घेतात. स्टार्चचा वाटा आहेच, पण त्यातून तयार होणारं मॅलेट मुख्यतः पोटॅशियमच्या धन भाराला तोलायला लागतं. प्रयोग फसतो तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: पोटॅशियम आत का शिरलं नाही?

पोटॅशियम आत येतं ते विजेच्या ओढीने. निळा प्रकाश फोटोट्रॉपिन नावाच्या प्रथिनांवर पडला की पेशीपटलावरचा प्रोटॉन पंप सुरू होतो. पंप धनभारित प्रोटॉन बाहेर फेकतो, पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते, आणि पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून ते आत येतं. या साखळीची चार टोकं तुमच्या हातात आहेत: पेशी जिवंत असणं, द्रावणात पोटॅशियम असणं, निळा प्रकाश असणं आणि पंपाला कोणी अडवत नसणं. अडवणारे दोघे: जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्याच्या ताणात तयार होणारं ॲबसिसिक आम्ल. तपासणीही याच मुद्द्यांवर करायची.

पेशी जिवंत आहेत का?

सोलताना पापुद्रा ताणला गेला किंवा सुकला तर रक्षक पेशी मरतात, आणि मेलेली पेशी फुगत नाही. न्यूट्रल रेड या रंजकाच्या अगदी पातळ द्रावणात, म्हणजे ०.०१ टक्क्याच्या आसपास, पापुद्रा पाच-दहा मिनिटं ठेवा. जिवंत पेशीची रसधानी गुलाबी-लाल होते, मेलेली तशीच राहते. निम्म्याहून जास्त रक्षक पेशी रंगल्या नाहीत तर पुढची कुठलीही तपासणी व्यर्थ आहे. सोलण्याची पद्धत आधी बदला: पान पाण्यात किंवा द्रावणात बुडवून ठेवा, चिमट्याने शिरेजवळ कडा धरा आणि फार उभं न ओढता तिरकं ओढा. पापुद्र्यावर हिरवा थर चिकटून आला असेल तर तो भाग वापरू नका, मऊ ब्रशने हलकेच झाडून पाहा किंवा दुसरा तुकडा घ्या.

वनस्पतीची निवडही इथेच ठरते. केन्याच्या कुळातली कॉमेलिना आणि बाकला या दोन वनस्पतींवर बहुतेक जुनं काम झालं आहे. त्यांचा पापुद्रा सहज निघतो आणि रंध्र मोठं असतं. पानफुटीचा पापुद्राही सुरेख निघतो, म्हणून ती बरेच जण घेतात. पण ती रात्री रंध्रं उघडणाऱ्या गटातली आहे, त्यामुळे 'प्रकाशात उघडत नाहीत' ही तक्रार तिच्या बाबतीत तक्रारच नाही. अरॅबिडॉप्सिसचं रंध्र तर इतकं लहान असतं की चांगलं उघडलं तरी दोन-चार मायक्रोमीटरच भरतं. साध्या सूक्ष्मदर्शकावर ते मोजणं अवघड जातं.

द्रावणात काय आहे?

नळाचं पाणी वापरलं जातं तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार कॅल्शियम असतं. बाहेर एक मिलिमोलर कॅल्शियम असलं तरी उघडणं लक्षात येण्याइतकं दबतं, आणि कठीण पाण्यात ते सहज तेवढं असतं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात उलट अडचण होते: कॅल्शियम नाही आणि पोटॅशियमही नाही, त्यामुळे आत घेण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून द्रावण असं करा: एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पोटॅशियम क्लोराइड ३.७३ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिमोलर, आणि पीएच स्थिर ठेवणारं एमईएस १.९५ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर. पीएच ६.१५ वर आणायचा तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. सोडियम हायड्रॉक्साइड सवयीने हाताशी येतं, पण ते टाळा, म्हणजे सोडियमचा वेगळा परिणाम मोजमापात मिसळत नाही. एमईएसची बाटली मोनोहायड्रेटची असेल तर २.१३ ग्रॅम लागतील. लेबल वाचूनच वजन करा.

कार्बन डायऑक्साइड अडवतो आहे का?

या कारणाचा संशय सर्वात कमी घेतला जातो आणि ते वारंवार सापडतं. पानात असताना रक्षक पेशींच्या शेजारी हिरव्या पेशी असतात. प्रकाश पडला की त्या कार्बन डायऑक्साइड वापरतात, पानाच्या आतली पातळी खाली येते आणि रंध्राला उघडायचा इशारा मिळतो. सोललेल्या पापुद्र्याजवळ ही हिरवी शेजारीण नाही. आत-बाहेर सगळीकडे खोलीतल्या हवेइतकाच कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम असतो, पण बंद खोलीत वर्ग भरलेला असेल तर हजारच्या वर जायला वेळ लागत नाही. त्यात आपण बशीवर वाकून पाहतो, आणि उच्छ्वासात तो चार टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे चाळीस हजार पीपीएम असतो.

रक्षक पेशीत हा वायू बायकार्बोनेटमध्ये बदलतो, आणि त्याची नोंद एचटी१ व एमपीके१२ / एमपीके४ या किनेज प्रथिनांची जोडी घेते, हे २०२२ मध्ये स्पष्ट झालं. पातळी वाढली की एचटी१ गप्प होतं, ऋण आयनांच्या वाहिन्या उघडतात, पेशीची वीज-ओढ संपते आणि पोटॅशियम बाहेर जायला लागतं. म्हणजे एकीकडे तुम्ही दिव्याने पंप चालवत असता आणि दुसरीकडे श्वासाने तो हिशेब खोडत असता.

उपाय म्हणून माशांच्या टाकीचा छोटा हवापंप घ्या. हवा आधी कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या नळीतून न्या, मग पाण्याच्या बाटलीतून ओलसर करून द्रावणात बुडबुडे सोडा. सोडा लाइम रंग बदलणारं असेल तर ते संपल्याचं कळतं. झाकलेली खोल बशी नको. पाण्यात वायूचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू होतो, त्यामुळे द्रावणाचा थर पातळ ठेवा आणि पापुद्रा बाह्य बाजू वर ठेवून तरंगू द्या. बुडालेला पापुद्रा ज्या पातळीत बसला आहे, ती तुमच्या पंपाने लवकर बदलणार नाही.

प्रकाश कोणता आहे?

'दिवा प्रखर आहे' हे उत्तर पुरेसं नाही. पान लाल प्रकाशातही रंध्रं छान उघडतं, पण त्यात मोठा वाटा हिरव्या पेशींनी कार्बन डायऑक्साइड संपवण्याचा असतो. पापुद्र्यावर लाल प्रकाश एकटा फारसं करत नाही. निळा प्रकाश मात्र थेट रक्षक पेशीलाच बोलतो आणि त्याच्या थोड्याशा मात्रेनेही पंप हलतो, विशेषतः पाठीशी लाल प्रकाश असेल तर. रोपं वाढवण्याचे काही एलईडी दिवे जवळजवळ लालच असतात, आणि पिवळसर बल्बमध्ये निळा भाग कमी असतो. अशा दिव्याखाली तीन तास ठेवून 'उघडत नाहीत' म्हणण्यात रंध्रांचा दोष नाही.

पांढरा थंड एलईडी घ्या, पापुद्र्याच्या उंचीवर १५० ते ३०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतका प्रकाश पुरतो. बल्बच घ्यावा लागला तर मध्ये पाण्याची पारदर्शक बशी ठेवा, नाहीतर द्रावण तापतं. पंचवीस अंशांच्या आसपास राहिलेलं बरं.

रोपाने काय सोसलं आहे?

कुंडी काल कोरडी पडली होती, आज पाणी घातलं, पान टवटवीत दिसतं, म्हणून वापरलं. असं पान फसवतं. पाण्याचा ताण आला की पानात ॲबसिसिक आम्ल वाढतं आणि पाणी मिळाल्यावरही ते लगेच ओसरत नाही. पान ताठ दिसतं, पण रंध्रं काही काळ हात आखडूनच असतात. प्रयोगाच्या आधीचे काही दिवस रोपाला सलग पाणी मिळालं पाहिजे. आदल्या रात्री ते अंधारात, दमट हवेत ठेवा आणि सकाळी लवकर पान घ्या. दुपारी उशिरा घेतलेल्या पानाची रंध्रं तेवढाच प्रकाश असूनही कमी उघडतात, कारण रक्षक पेशींना दिवसाची आपली लय असते. वेगवेगळ्या वारी वेगवेगळ्या वेळी घेतलेले आकडे एका आलेखात घालू नका.

इथे आणखी एक सापळा आहे. पान देठापासून कापलं की पुढची काही मिनिटं रंध्रं मिटण्याऐवजी उलट जरा जास्तच उघडतात. आजूबाजूच्या बाह्य पेशी आधी सैल पडतात आणि रक्षक पेशींवरचा त्यांचा दाब कमी होतो, म्हणून असं होतं. नंतर खरोखरचं मिटणं सुरू होतं. कापलेलं पान हातात घेऊन प्रयोगशाळेपर्यंत चालत आलात आणि लगेच नेलपॉलिशचा ठसा घेतला, तर त्या ठशातली रुंदी रोपावरची नसते, त्या चालण्याची असते. पान कापताच देठ पाण्यात बुडवा, शक्य असेल तर पाण्याखालीच कापा.

शंका फिरून फिरून तिथेच येत असेल तर फ्युसिकॉक्सिन

एका बुरशीपासून मिळणारं हे विष प्रोटॉन पंपाला 'चालू' स्थितीतच अडकवून ठेवतं. त्याला प्रकाश लागत नाही आणि ॲबसिसिक आम्लाची अडवणूकही ते बऱ्याच अंशी ओलांडतं. म्हणून निदानासाठी त्याचा उपयोग अचूक होतो. दहा मायक्रोमोलरपर्यंतची मात्रा पुरते. हातमोजे घालून वापरा. महाग आहे, पण अंधारात ठेवलेला एक छोटा तुकडा पुरतो.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा कॉमेलिनाच्या पापुद्र्यावर सरासरी रुंदी अशी आली: अंधारात २ मायक्रोमीटर, पांढऱ्या दिव्याखाली ३, तोच दिवा आणि कार्बन डायऑक्साइड काढलेली हवा मिळून ४, आणि अंधारात फ्युसिकॉक्सिन घातल्यावर १२. शेवटच्या आकड्याने बरंच काम सोपं केलं. पेशी जिवंत आहेत, पंप आहे, पोटॅशियम आहे, वाहिन्या आहेत. कॅल्शियमही इतकं नाही की काही चालूच नये. अडचण पंपाच्या वरच्या बाजूला, म्हणजे इशाऱ्यातच आहे. कार्बन डायऑक्साइड काढल्याने फक्त एक मायक्रोमीटरची भर पडली, तर तो मुख्य दोषी नाही. राहिले दोन: दिव्यात निळा भाग कमी, किंवा पानात ॲबसिसिक आम्ल आधीच साचलेलं. त्याच रोपाच्या पानाचा पापुद्रा निळ्या एलईडीखाली ठेवा. रुंदी ९ झाली तर दिवा बदलायचा. ४ वरच राहिली तर दिव्याचा पिच्छा सोडा आणि व्यवस्थित पाणी मिळालेल्या दुसऱ्या रोपाचं सकाळचं पान घ्या.

फ्युसिकॉक्सिन घालूनही ३ च आली असती तर कारण पंपाच्या खाली असतं. मग दिवा, हवा, रोप सगळं सोडून परत न्यूट्रल रेड आणि द्रावणाच्या बाटलीकडे जायचं.

अंधारातही उघडी दिसतात तेव्हा

दुसऱ्या तक्रारीला बहुधा शेजारच्या पेशी जबाबदार असतात. रक्षक पेशी फुगण्याला या पेशींचा दाब विरोध करतो. सोलताना त्या फुटल्या की विरोध संपतो आणि थोडा दाब असलेली रक्षक पेशीसुद्धा रंध्र ताणून उघडं ठेवते. न्यूट्रल रेडमध्ये फक्त रक्षक पेशी लाल आणि सभोवतालच्या सगळ्या पांढऱ्या दिसत असतील तर असंच झालंय. स्क्वायर आणि मॅन्सफील्ड यांनी १९७२ मध्ये याचाच फायदा घेतला: पापुद्रा ३.९ पीएचच्या द्रावणात ठेवून बाकीच्या पेशी मुद्दाम मारायच्या आणि एकट्या रक्षक पेशी अभ्यासायच्या. ते चालतं, फक्त अशा पापुद्र्याची रुंदी शेजारी जिवंत असलेल्या पापुद्र्याशी तोलायची नाही. एका तुलनेतले सगळे तुकडे एकाच अवस्थेचे असले पाहिजेत.

उघडली, पण मिटत नाहीत

या तिसऱ्या तक्रारीत गंमत अशी की पहिल्या तक्रारीचा इलाज इथे आड येतो. उघडण्यासाठी आपण द्रावणातून कॅल्शियम काढून टाकलं. पण ॲबसिसिक आम्लाचं काम बरंचसं कॅल्शियमच्या जोडीने चालतं: बाहेर कॅल्शियम अजिबात नसेल तर त्याचा परिणाम फिका पडतो. म्हणून रंध्रं आधी कॅल्शियमविना उघडू द्या, आणि ॲबसिसिक आम्लाबरोबर ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला. अर्थातच एक तुकडा फक्त कॅल्शियमचा वेगळा ठेवा, नाहीतर मिटण्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते कळणार नाही. पोटॅशियमही मिटताना बाहेर जायचं असतं. बाहेर ५० मिलिमोलर असेल तर त्याला बाहेर पडायला अवघड जातं, तेव्हा मिटण्याच्या चाचणीसाठी १० मिलिमोलर करून पाहा.

आम्लाची बाटलीही संशयात घ्या. ते अतिनील प्रकाशात रूप बदलतं आणि बदललेलं रूप निष्क्रिय असतं. इथेनॉलमध्ये १० मिलिमोलर साठा करून अंधारात, गोठणपेटीत ठेवा. हजारपट पातळ करून १० मायक्रोमोलर होतो आणि इथेनॉल ०.१ टक्का उरतं. तेवढंच इथेनॉल नियंत्रण बशीतही घाला. बाटलीवर अधिक-उणे चिन्ह असेल तर त्यातला निम्माच भाग नैसर्गिक रूपाचा आहे, हे मात्रा ठरवताना लक्षात ठेवा. आणि एक भेद विसरू नका: उघडण्याआधीच आम्ल घालणं म्हणजे उघडणं रोखलं जातं का ते पाहणं, आणि उघडल्यावर घालणं म्हणजे मिटवतं का ते पाहणं. दोन्हीची उत्तरं वेगळी येऊ शकतात, कारण पहिल्यात पंप थांबवला तरी भागतं, पण दुसऱ्यात आधी शिरलेलं पोटॅशियम बाहेरही काढावं लागतं.

मोजणीतली चूक

शेवटी मोजणीकडे. नेत्रिका-मापपट्टी प्रत्येक वस्तुभिंगावर मंच-मापपट्टीशी जुळवलीच पाहिजे. ४० पटीच्या भिंगावर नेत्रिकेचे १०० भाग मंचावरच्या २५ भागांवर बसले आणि मंचाचा एक भाग १० मायक्रोमीटरचा असेल, तर नेत्रिकेचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. रंध्राच्या तोंडाशी बाहेर आलेली कडा असते आणि खरं छिद्र तिच्या आत असतं. नजर कडेवर रोखली तर मिटलेलं रंध्रही उघडं वाटतं. सूक्ष्म-स्क्रू हळूहळू फिरवत छिद्राची सर्वात अरुंद रुंदी शोधा आणि तीच लिहा. एका बशीतली किमान तीसेक रंध्रं, दोन-तीन तुकड्यांवर विखुरलेली मोजा. बशीवर काय घातलंय हे मोजणाऱ्याला न सांगता क्रमांकच लिहा. आणि मोजताना सूक्ष्मदर्शकाचा दिवा एका तुकड्यावर फार वेळ चालू ठेवू नका, कारण अंधारातला तुकडा त्याच दिव्याखाली उघडायला लागतो.